शाळा म्हणते, आम्ही औषध देणार नाही

आज सकाळी ताईबरोबर भाच्याच्या शाळेत गेले होते. त्याला फिट येतात. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद आणि औषधाची डबी शाळेत ठेवून घ्या, एवढंच सांगायचं होतं. बाईंनी कागद पूर्ण वाचलाही नाही. "आम्ही औषध देणार नाही. फिट आली तर तुम्हाला फोन करू, तुम्ही लगेच या." ताईचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला. ती येईपर्यंत मुलाच्या मेंदूने वाट बघायची का?

रागाने हात थरथरतायत. तरी लिहिते, कारण हे आपल्या सगळ्यांच्या घरी माहीत असायला हवं.

बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. तेव्हा औषधाची गरज नसते. डोकं आपटू नये म्हणून खाली काहीतरी मऊ ठेवायचं, गळ्याजवळची बटणं सैल करायची आणि घड्याळ बघायचं. पण पाच मिनिटं झाली आणि झटके सुरूच असले, तर ते आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते. शिवाय जितका वेळ जातो तितकं हेच औषध कमी लागू पडतं. म्हणून ते मूल जिथे पडलंय तिथेच द्यायचं असतं, गाडीत घालून दवाखाना गाठल्यावर नाही. डॉक्टरांनी कागदावर वेगळी वेळ लिहिली असेल, तर ती पाळायची.

सांगलीच्या त्या लग्नात हेच झालं. मंगल कार्यालयात पंगत बसली होती आणि भाचा ताटावरच कोसळला. ताई ओरडली, "वेळ बघ!" मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. त्याआधीच कुणीतरी कांदा फोडून आणला, एका काकांनी पायातली चप्पल काढली, आणि एक बाई चमचा घेऊन दातखिळी उघडायला बसली. त्या चमच्याने दात तुटतो, तुटलेला तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. जीभ कुणी गिळत नसतं हो! मी त्या बाईंचा हात धरून बाजूला केला. त्या चिडल्या, चिडू देत.

घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं. माझ्या शेजारचे सगळे "अर्धा तास झाला, अर्धा तास झाला" म्हणत होते, आणि स्क्रीनवर साडेतीन मिनिटं होती. म्हणून अंदाजावर जायचं नाही, आकडा बघायचा. पाच झाली, झटके तसेच. मी एकशे आठला फोन लावला, ताईने डबी उघडली.

तिच्याकडे मिडाझोलाम असतं, गालात द्यायचं. परदेशात वयाप्रमाणे भरलेल्या तयार सिरिंज मिळतात. तिच्याकडे डॉक्टरांनी सांगितलेली इंजेक्शनची बाटली आहे, आणि इथेच घोळ होतो. भाचा सात वर्षांचा, त्याच्या कागदावर साडेसात मिलिग्रॅम लिहिलंय. तिच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये पाच मिलिग्रॅम औषध आहे, म्हणजे दीड मिलिलिटर ओढायचं. पण बाजारात एका मिलिलिटरला एकच मिलिग्रॅम असलेली बाटलीही मिळते. तिच्यातून तेवढंच दीड मिलिलिटर दिलंत तर औषध पाचपट कमी पडेल. उलट घोळ झाला तर पाचपट जास्त जाईल. म्हणून ताईने डबीवर मोठ्या अक्षरात मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही लिहून चिकटवलंय. हे माप त्याचं आहे, तुमच्या मुलाचं तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

सुईने औषध ओढलं की सुई काढून टाकायची. नुसती सिरिंज उरली पाहिजे. दात घट्ट मिटलेले असले तरी बिघडत नाही. ताईने लाळ पुसली, खालचा ओठ कोपऱ्यातून जरा ओढला, सिरिंजचं टोक गाल आणि खालची हिरडी यांच्या मधल्या फटीत ठेवलं आणि अर्धं औषध हळूहळू सोडलं. मग उरलेलं दुसऱ्या गालात. एकदम जोरात मारलं तर ते घशात जातं, ठसका लागतो. ते गिळायचं नसतं, गालाच्या आतल्या कातडीतूनच रक्तात जातं.

भाचा लहान असताना गुदद्वारातून द्यायचं डायझेपाम असायचं. तेही चांगलं औषध आहे. कुशीवर निजवून गुडघे पोटाकडे घ्यायचे, नळीचं टोक खुणेपर्यंत आत घालायचं, ट्यूब पूर्ण दाबायची आणि दाबलेलीच बाहेर काढायची, सोडली तर औषध परत आत ओढलं जातं. मग औषध बाहेर येऊ नये म्हणून थोडा वेळ कुल्ले जुळवून धरायचे. तोंडात उलटी भरलेली असेल तर हाच मार्ग बरा. पण भर पंगतीत पोराची चड्डी उतरवायची? मोठ्या मुलाचं, बाईमाणसाचं काय करायचं? म्हणून डॉक्टरांनी बदलून दिलं. दोन्ही औषधं एकामागून एक द्यायची नाहीत, आणि झटके थांबले नाहीत म्हणून मनानेच दुसरा डोसही नाही.

शाळेतल्या बाईंच्या मनात एक भीती असेल तर ती खरी आहे, या औषधाने श्वास मंदावू शकतो. मान्य. पण लांबलेल्या फिटनेही श्वास बिघडतोच, आणि ठरलेला एकच डोस देऊन माणूस शेजारी बसला तर ते लगेच लक्षात येतं.

सांगलीत तीन-चार मिनिटांनी झटके विरळ झाले, हातपाय सैल पडले, घोरल्यासारखा श्वास सुरू झाला. लोक म्हणाले, "झोपला बिचारा, झोपू द्या," आणि उताणाच ठेवायला निघाले. तसं अजिबात ठेवायचं नाही. सैल पडलेली जीभ मागे जाते, लाळ घशात उतरते. ताईने त्याचा जवळचा हात काटकोनात बाहेर ठेवला, पलीकडचा हात छातीवरून आणून हाताची मागची बाजू जवळच्या गालाला टेकवली, पलीकडचा गुडघा उभा केला आणि तोच गुडघा धरून त्याला स्वतःकडे वळवलं. मग हनुवटी किंचित वर, तोंड जमिनीकडे. लाळेची धार सतरंजीवर आली. ती बाहेर आली हेच बरं.

मी त्याच्या छातीवर नजर ठेवून होते. पोट हलतंय का, ओठ निळे आहेत की गुलाबी होतायत. श्वास अगदी थांबला असता तर उताणं करून तोंडाने श्वास द्यावा लागला असता. तशी वेळ आली नाही. ओठांचा रंग परतला. तेवढ्यात कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. पूर्ण जागं होऊन, नाव विचारल्यावर नीट उत्तर देईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. गाडी आल्यावर ताईने औषधाची वेळ आणि माप कागदावर लिहून त्यांच्या हातात दिलं. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच आला.

आता जरा शांत झालेय. बाईंवर चिडून उपयोग नाही, त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. एका वर्गात इतकी पोरं आणि वरून ही जबाबदारी, हेही कळतं. पण "औषध देणार नाही" हे उत्तर मला चालणार नाही. डॉक्टरांची सही असलेला कागद, पालकांची लेखी परवानगी, शिकवलेले दोन शिक्षक, आणि डबी कुलपात न ठेवता हाताशी. ताई पुन्हा जाणार आहे, मीही जाणार आहे.

तुमच्या घरी कुणाला फिट येत असेल तर आज रात्रीच डबी काढा, बाटलीवरची तारीख बघा. आणि घरातल्या एका जाडजूड माणसाला सतरंजीवर निजवून कुशीवर वळवून बघा. गुडघा धरला की वळतो, नुसता खांदा ओढला तर हलत नाही.