४४० आणि ४८० च्या मधले दोन मित्र

"चार्ट कधी खोटं बोलत नाही. शेअर एक, भाव एक, मग ट्रेंडही एकच. एकाला तेजी दिसते आणि दुसऱ्याला मंदी, तर दोघांपैकी एकाला चार्ट वाचता येत नाही. शंका आली की मोठा टाइमफ्रेम उघडा, खरा ट्रेंड तिथेच असतो."

असं बाजारात सर्रास ऐकू येतं, आणि ते मला पटत नाही. टाइमफ्रेम म्हणजे चार्टवरचा एकेक ठोकळा, एकेक कँडल, किती वेळाची ते. आधी एक छोटी गोष्ट सांगतो. ती रचलेली आहे आणि आकडे हिशोबाला सोपे जावेत असे घेतले आहेत.

सुहास आणि दीपक शाळेपासूनचे मित्र. सुहास नोकरी करतो आणि आठवड्यातून एकदा, बहुतेक शुक्रवारी बाजार बंद व्हायच्या आधी, वीकली चार्ट बघतो. दीपकचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. काउंटरवर एका बाजूला पंधरा मिनिटांचा चार्ट दिवसभर उघडा असतो. बुधवारी संध्याकाळी सुहास दुकानात आला तेव्हा दोघांच्याही स्क्रीनवर एकच शेअर होता, भाव ४६६.

"काय मस्त चढतोय बघ," सुहास म्हणाला.

"चढतोय? अरे सोमवारपासून नुसता पडतोय. आज सकाळी शॉर्ट मारला, म्हणजे आधी विकले, दुपारी खाली परत घेतले आणि सव्वीसशे काढले."

दोघांनी मोबाइल शेजारी शेजारी ठेवले. सुहासच्या चार्टवर दोन वर्षं होती. शेअर २४० वरून ३१० ला गेला, २७५ पर्यंत आला, मग ३९०, परत ३५०, मग ४७०, परत ४४० आणि शेवटी ५२०. प्रत्येक शिखर आधीच्यापेक्षा उंच आणि प्रत्येक तळही आधीच्यापेक्षा वर. दीपकच्या चार्टवर तीन दिवस होते. ४९८ वरून ४८४, वर ४९१, खाली ४७३, वर ४८०, खाली ४६४. प्रत्येक उसळी आधीच्यापेक्षा ठेंगणी आणि प्रत्येक तळ आधीच्यापेक्षा खोल. दोघांनी एकच नियम लावला होता आणि दोघांनीही तो बरोबर लावला होता.

आता मुद्द्यावर येतो. भाव एकच आहे हे खरं. पण ट्रेंड हा भावाचा गुण नाही, चढउतारांच्या मालिकेचा गुण आहे, आणि कुठली मालिका मोजायची हे टाइमफ्रेम ठरवतो. आपला बाजार सव्वानऊ ते साडेतीन, म्हणजे ३७५ मिनिटं चालतो. पंधरा मिनिटांच्या २५ कँडल दिवसाला, आणि पाच दिवसांच्या आठवड्यात १२५. या १२५ कँडल मिळून वीकलीवर एकच कँडल होते आणि तिच्यात फक्त चार आकडे उरतात: उघडलेला भाव, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि बंद. दीपकने पाहिलेली ४९१ ची आणि ४८० ची उसळी सुहासच्या चार्टवर कुठेच नाही. ती लपवलेली नाही, या आठवड्याच्या लाल कँडलच्या पोटात जिरून गेली आहे. दीपकची अख्खी मंदी ही सुहासची एक अर्धवट कँडल आहे. इंडिकेटर लावूनही हा फरक मिटत नाही. २० चा ईएमए, म्हणजे २० कँडलच्या भावांची, नव्या भावांना जास्त वजन देणारी सरासरी, पंधरा मिनिटांवर ३०० मिनिटांचा असतो, म्हणजे पुरता एक दिवसही नाही, आणि वीकलीवर जवळपास पाच महिन्यांचा. नाव एकच असलं तरी त्या दोन वेगळ्या रेषा आहेत.

हा काही नवा शोध नाही. चार्ल्स डाऊ १९०२ मध्ये वारला. त्याआधीच त्याने लिहून ठेवलं होतं की बाजारात तीन हालचाली एकाच वेळी चालू असतात: एक वर्षानुवर्षांची, एक काही आठवड्यांची आणि एक रोजची. समुद्राच्या भरतीची उपमा त्यानेच वापरली. भरती चढत असताना लाट मागे सरकते, तेव्हा लाट बघणारा आणि भरती बघणारा दोघेही खरंच सांगत असतात.

गोष्टीतला शेअर कल्पित आहे, म्हणून खऱ्या आकड्यांवर बघू. निफ्टी मार्च २०२० मध्ये सुमारे ७,५१० पर्यंत कोसळला आणि तिथून ऑक्टोबर २०२१ मध्ये १८,६०० वर गेला. पुढच्या आठ महिन्यांचा डेली चार्ट काढा. शिखरं १८,६००, मग जानेवारीत १८,३५०, मग एप्रिलमध्ये १८,११५. तळ डिसेंबरात १६,४१०, मार्चमध्ये १५,६७० आणि जून २०२२ मध्ये १५,१८०. उतरत्या ट्रेंडची याहून स्वच्छ आकृती पुस्तकातही सापडणार नाही. आता तोच काळ मंथली चार्टवर बघा. आधीची चढण सुमारे ११,१०० अंकांची आणि नंतरची घसरण ३,४०० च्या आसपास, म्हणजे चढणीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडी कमी. डाऊची मांडणी पुढे नेणाऱ्यांनी मोठ्या तेजीतली मधली घसरण साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश धरली होती. त्या हिशोबाने ही घसरण उलट सौम्यच. जून २०२२ मध्ये डेलीवाला "मंदी" म्हणत होता, मंथलीवाला "तेजी", आणि दोघांचाही चार्ट नीट वाचलेला होता. डिसेंबरात निफ्टी १८,८८० च्या पुढे गेला, पण म्हणून आधीच्या आठ महिन्यांतली घसरण खोटी ठरत नाही. त्या काळात ज्याने पैसे अडकवले त्याला ती चांगलीच खरी वाटली असणार.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. टाइमफ्रेम बदलून प्रत्येक जण बरोबर ठरत असेल, तर चुकतं कोण? मग काहीही म्हणा आणि सोयीचा चार्ट दाखवा!

त्याचं उत्तर एका प्रश्नात आहे, आणि दुकानात सुहासने तोच विचारला. "ते जाऊ दे. कुठल्या भावाला तू चुकलास असं मानशील?"

दीपकने थोडा विचार केला. "४८० च्या वर गेला तर. शेवटची उसळी तिथे थांबली होती. ती ओलांडली की माझी मंदी संपली. आणि तुझं?"

"आठवड्याचा बंद ४४० च्या खाली आला तर. शेवटचा मोठा तळ तो."

म्हणजे ४४० ते ४८० या पट्ट्यात भाव कुठेही फिरला तरी दोघेही बरोबर. ४८० च्या वर दीपक चुकला, ४४० च्या खाली सुहास चुकला. दोन मतं एकमेकांच्या विरुद्ध दिसली तरी दोघांच्या चुकीची रेघ वेगळ्या जागी आहे, म्हणून ती एकमेकांना खोडत नाहीत. ज्याला असा आकडा आधी सांगता येत नाही, त्याच्याकडे ट्रेंड नाही, नुसती इच्छा आहे. आणि दोघे एकाच टाइमफ्रेमवर, एकाच तारखेपर्यंतच्या चार्टवर, एकाच नियमाने उलटं बोलत असतील, तर मात्र एकाचं वाचन चुकलंय हे मी मान्य करतो. तेवढ्यापुरतं वरचं म्हणणं बरोबर आहे.

मोठ्या टाइमफ्रेमबद्दलचा सल्ला मला जास्त खटकतो, कारण तो शहाणपणाचा वाटतो. मोठा चार्ट जास्त खरा नसतो, तो जास्त संथ असतो. वीकली कँडल शुक्रवारी साडेतीनला पूर्ण होते. बुधवारी जी दिसते ती अर्धी आहे आणि दोन दिवसांत तिचा रंगही बदलू शकतो. शिवाय प्रत्येक मोठी मंदी आधी छोट्या चार्टवरच उगवते. वीकलीने कबूल करेपर्यंत शिखरापासून बरंच अंतर तुटलेलं असतं. सुहासलाच बघा, ५२० वरून ४४० पर्यंत ८० रुपये गेल्यावर तो मान्य करणार. छोट्या चार्टचे दोष उलट जातीचे आहेत. तिथे फसव्या हालचाली फार, सौदे जास्त, त्यामुळे खर्चही जास्त. सेबीने जुलै २०२४ मध्ये मांडलेल्या अभ्यासात २०२२-२३ या वर्षी रोख बाजारात इंट्राडे करणाऱ्या दर १० पैकी ७ जणांना तोटा झालेला दिसला. टाइमफ्रेम निवडताना खरं-खोटं बघू नका. सौदा किती वेळ धरणार आणि किती तोटा सोसणार ते बघा. दीपकला तर पर्यायच नव्हता: रोख बाजारात हातात शेअर नसताना विकलेला माल त्याच दिवशी परत घ्यावा लागतो, नाहीतर तो लिलावात जातो. त्याचा सौदा साडेतीनच्या पलीकडे जाऊच शकत नव्हता, मग दोन वर्षांचा चार्ट त्याच्या काय कामाचा?

बुधवारचा त्याचा हिशोब असा होता. विक्री ४७८, स्टॉपलॉस, म्हणजे तोटा कापून बाहेर पडायचा भाव, ४९२. शेअरमागे १४ रुपये जोखीम. २०० शेअर, जोखीम २,८००. दुपारी ४६५ ला घेऊन मोकळा, नफा २,६००. सुहासने शुक्रवारी ४६८ ला घेतले, स्टॉप ४४०, शेअरमागे २८ रुपये. जोखीम त्याचीही जवळपास तेवढीच, तीन हजार, म्हणून फक्त १०७ शेअर. विरुद्ध दिशा, वेगळं अंतर, वेगळी संख्या, आणि दोन्ही सौदे नेटके.

खरी चूक पुढच्या आठवड्यात झाली, आणि ती चार्ट वाचण्यात झाली नाही. भाव ४८० च्या वर आला, दीपकच्या चार्टवर तेजी सुरू झाली. मंगळवारी त्याने ४८४ ला ५०० शेअर MIS मध्ये, म्हणजे त्याच दिवशी विकायच्या बोलीवर, घेतले, स्टॉप ४७८. सहा रुपये गुणिले ५००, तीन हजार. इथवर ठीक. इंट्राडेत पाचव्या हिश्शाचा मार्जिन चालतो, म्हणून अडकले होते ४८,४००. अडीचच्या सुमाराला भाव ४७७. स्टॉप त्याने सिस्टिममध्ये टाकलेलाच नव्हता, मनात ठेवला होता. विकायच्या ऐवजी त्याने सुहासचा वीकली चार्ट उघडला. तिथे तेजी शाबूत होती. "हा तर वर जाणारच आहे," म्हणून त्याने सौदा CNC मध्ये, म्हणजे पूर्ण पैसे भरून शेअर स्वतःकडे ठेवायच्या प्रकारात, बदलला आणि दुकानाच्या मालासाठी ठेवलेले १,९३,६०० रुपये खात्यात भरले.

ट्रेंड त्याने सुहासकडून उसना घेतला, पण संख्या पंधरा मिनिटांचीच राहिली. वीकलीचा स्टॉप ४४०, म्हणजे शेअरमागे ४४ रुपये. तीन हजारांच्या जोखमीत ६८ शेअर बसले असते. त्याच्याकडे ५०० होते, आणि जोखीम झाली २२,०००.

पुढच्या गुरुवारी भाव ४४९ ला आला. दुपारी माल पुरवणाऱ्याचा फोन आला आणि दीपकने सगळे शेअर विकले. तोटा १७,५००. शुक्रवारी आठवडा ४५७ वर बंद झाला.

सुहासने नेहमीप्रमाणे बाजार संपायच्या आधी चार्ट उघडला, ४४० तुटलं नाही एवढं बघितलं आणि बंद केला. त्याचे १०७ शेअर खात्यात तसेच होते.