एकक किंमत आणि करांचा उल्लेख

"मोठा पॅक घेतला की तो स्वस्तच पडतो, मग प्रत्येक पॅकची एकक किंमत वेगळी कशाला दाखवायची?"

समजा, एकाच वस्तूचा २०० ग्रॅमचा पॅक ४८ रुपयांना आणि ५०० ग्रॅमचा ११० रुपयांना आहे. १०० ग्रॅममागे हा हिशेब, म्हणजेच एकक किंमत, अनुक्रमे २४ आणि २२ येते, म्हणजे मोठा पॅक स्वस्त दिसतो. मात्र ४८मध्ये कर धरलेला असेल आणि ११०वर १० टक्के कर वेगळा लागणार असेल, तर मोठा पॅक १२१ला, म्हणजे १०० ग्रॅममागे २४.२०ला पडतो आणि क्रम उलटतो. म्हणून 'सर्व करांसहित' हे शब्द विक्री किंमतीला लागूनच हवेत, आणि एकक किंमतही त्याच रकमेवरून, वेष्टनाचे वजन वगळून उरणाऱ्या निव्वळ वजनावर काढलेली हवी. सर्व पॅकसाठी परिमाणही एकच असावे. एकाला १०० ग्रॅम आणि दुसऱ्याला किलो लावले, तर ग्राहकाला पुन्हा गुणाकार करत बसावे लागते (आणि तो सहसा करत नाही). ऑनलाइन विक्रीत पॅक बदलल्यावर किंमत बदलते, पण खालची एकक किंमत आधीच्याच पॅकची राहते, ही चूक तर सहज नजरेतून सुटते; दाखवलेल्या किंमतीला वजनाने भागून पाहिले की ती लगेच उघडी पडते.