फॉर्म १६ मधली दोन शून्ये

«फॉर्म १६ च्या भाग अ मधला कापलेला कर आणि भाग ब मधला देय कर सारखा असेल तर तुमचा वर्षाचा कर पूर्ण भरला गेला आहे. हिशेब कंपनीच्या सॉफ्टवेअरने केलेला असतो, तो पुन्हा तपासू नका. कंपनीने कापला म्हणजे सरकारला पोचला. आणि देय कर शून्य असेल तर रिटर्नही भरावे लागत नाही.»

दरवर्षी जूनमध्ये, म्हणजे कंपन्या फॉर्म १६ वाटू लागतात त्या सुमारास, हा संदेश रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंतच्या गटांतून फिरतो आणि आमच्या चिपळूणच्या कार्यालयात येणारे निम्मे पगारदार तो मोबाइलवर उघडूनच समोर बसतात. त्यातली चारही वाक्ये चुकीची आहेत, पण चारही सारखी घातक नाहीत. सर्वांत महाग पडते ते पहिले.

भाग ब मधला देय कर हा आयकर खात्याने काढलेला आकडा नसतो. तो मालकाने, स्वतः दिलेल्या पगारावर आणि कर्मचाऱ्याने लेखी कळवलेल्या इतर बाबींवर, काढलेला असतो. कापलेला करही त्याच हिशेबावरून कापला जातो. त्यामुळे हे दोन आकडे जुळले तर मालकाने स्वतःच्या हिशेबाप्रमाणे कर कापला एवढेच सिद्ध होते. तो हिशेब तुमच्या वर्षभराच्या उत्पन्नावर झाला होता की नाही, हे त्या जुळण्यातून कळत नाही.

गेल्या आर्थिक वर्षातले, २०२५-२६ मधले, एक उदाहरण आकड्यांसह देतो. लोटे-परशुराम वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात काम करणाऱ्या इंजिनियरने सप्टेंबरअखेर नोकरी सोडली आणि ऑक्टोबरपासून तो महाडला रुजू झाला. पहिल्या ठिकाणी महिना १,०५,००० रुपये पगार होता, दुसऱ्या ठिकाणी १,३०,०००. दोन्हीकडे त्याने नवी कररचना ठेवली होती. पहिल्या कंपनीने एप्रिलमध्ये पूर्ण वर्षाचा अंदाज बांधला: १२,६०,००० वजा ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे ११,८५,०००. नव्या रचनेत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य होतो, म्हणून कंपनीने एक पैसाही कापला नाही आणि त्यात तिची काही चूक नव्हती. दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या सहा महिन्यांचे ७,८०,००० धरले, त्यातून पुन्हा ७५,००० वजा केले आणि ७,०५,००० वर रिबेट देऊन तिनेही शून्य काढले. कर कापलाच नसेल तर फॉर्म १६ देण्याचे मालकावर बंधन नसते, परंतु गृहकर्जासाठी बँकेने मागितल्यामुळे त्याने दोन्हीकडून तो आग्रहाने मिळवला होता. दोन्ही कागदांवर देय कर शून्य, कापलेला कर शून्य. संदेशातल्या कसोटीला दोन्ही कागद शंभर टक्के उतरतात.

आता दोन्ही पगार एकत्र करू. पहिल्या सहा महिन्यांचे ६,३०,००० आणि नंतरच्या सहा महिन्यांचे ७,८०,००० मिळून १४,१०,००० होतात. स्टँडर्ड डिडक्शन वर्षाला एकदाच मिळते, मालकागणिक नाही, म्हणून करपात्र उत्पन्न १३,३५,००० राहते. ते १२ लाखांच्या बरेच वर गेल्यामुळे रिबेट पूर्णच जाते आणि पहिल्या चार लाखांनंतर सगळे टप्पे मोजावे लागतात: चार ते आठ लाखांवर पाच टक्क्यांनी २०,०००, आठ ते बारा लाखांवर दहा टक्क्यांनी ४०,००० आणि वरच्या १,३५,००० वर पंधरा टक्क्यांनी २०,२५०. बेरीज ८०,२५०, त्यावर चार टक्के सेस ३,२१०, एकूण ८३,४६० रुपये. दोन शून्यांची बेरीज इतकी झाली.

शिवाय व्याज. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा त्याहून अधिक उरत असेल तर पगारदारालाही अग्रिम कर भरावा लागतो, आणि तो न भरल्यास दोन प्रकारचे व्याज लागते. हा माणूस जुलैमध्ये आमच्याकडे आला. हप्ते चुकल्याचे व्याज ४,२०९ रुपये झाले आणि एप्रिल ते जुलै या चार महिन्यांचे, दरमहा एक टक्का दराने, ३,३३६ रुपये. मिळून ७,५४५ रुपये, तेही कोणी फसवणूक केलेली नसताना.

हे टाळण्याची जागा कागदावरच होती. भाग ब मध्ये पगाराच्या तपशिलाखाली इतर मालकांकडून मिळालेल्या आणि कर्मचाऱ्याने कळवलेल्या पगाराची एक स्वतंत्र ओळ असते. वर्षात नोकरी बदललेली असूनही दुसऱ्या कंपनीच्या फॉर्म १६ मध्ये त्या ओळीत शून्य असेल, तर खालचा देय कर अपुरा आहे असे समजावे. रुजू होताना फॉर्म १२ बी भरून जुन्या पगाराचे आणि तिथे कापलेल्या कराचे आकडे नव्या कंपनीला दिले असते तर तिने उरलेल्या सहा महिन्यांत थोडा थोडा कर कापून घेतला असता. बहुतेक जण तो फॉर्म देत नाहीत, कारण जुना पगार नव्या ठिकाणी कळू नये असे त्यांना वाटते. ते स्वाभाविक आहे. मग निदान डिसेंबरमध्ये स्वतः बेरीज करून अग्रिम कर भरावा, म्हणजे व्याजाचा मोठा भाग तरी वाचतो.

सॉफ्टवेअरवरच्या विश्वासाबद्दल वेगळे सांगण्यासारखे फारसे नाही. सॉफ्टवेअरला जे दिले त्याचाच हिशेब ते करते. आपल्या भागातली एक गोष्ट मात्र त्याला हमखास माहीत नसते, ती म्हणजे घरची बाग. आंबा-काजूचे उत्पन्न शेतीचे असल्यामुळे करमुक्त आहे, हे खरेच. पण निव्वळ शेती उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक आणि बाकीचे उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेहून अधिक असेल, तर शेतीचे उत्पन्न कराचा दर ठरवण्यासाठी मिळवले जाते. वरच्याच इंजिनियरला बागेतून खर्च जाता दोन लाख सुटले असे धरू. मग कर आधी १५,३५,००० वर काढतात, तो १,१०,२५० येतो. नंतर मूळ मर्यादेचे चार लाख आणि शेतीचे दोन लाख मिळून सहा लाखांवर काढतात, तो १०,००० येतो. आणि पहिल्यातून दुसरा वजा करतात. उरतात १,००,२५०, म्हणजे आधीपेक्षा २०,००० जास्त, सेस धरून २०,८००. फॉर्म १६ वर याचा मागमूस नसतो. ज्यांना हे माहीत नसते ते सवयीने रिटर्नचा पहिला फॉर्म निवडतात, आणि ५,००० हून अधिक शेती उत्पन्न असलेल्याला तो चालतच नाही.

‘कापला म्हणजे पोचला’ हे वाक्य भाग अ नीट वाचला की टिकत नाही. त्या भागात प्रत्येक तिमाहीसमोर दिलेला पगार, कापलेला कर आणि सरकारजमा झालेला कर अशा वेगवेगळ्या रकमा असतात, आणि खालच्या तक्त्यात प्रत्येक भरण्याचा बँकेचा बीएसआर कोड, तारीख, चलन क्रमांक व जुळणीची स्थिती असते. त्या स्थितीच्या रकान्यात F हे अक्षर असावे. हा भाग मालकाला स्वतःच्या एक्सेलमध्ये टाइप करता येत नाही. तो आयकर खात्याच्या ट्रेसेस या संकेतस्थळावरून उतरवावा लागतो, म्हणूनच तो पगाराच्या स्लिपांशी ताडून पाहण्यात अर्थ आहे.

तिमाहीनुसार ताडावे, वर्षाची एकच बेरीज पाहू नये. एका पर्यटन व्यवसायातल्या व्यवस्थापकाच्या स्लिपांवर जानेवारी ते मार्च दरमहा ९,००० असे २७,००० कापलेले होते आणि भाग अ मध्ये त्या तिमाहीसमोर १८,००० होते. मार्चचा कर ३० एप्रिलपर्यंत भरायचा असतो. कंपनीने तो वेळेत भरलाही होता, पण तिमाही विवरणात या व्यवस्थापकाची मार्चची नोंद करायची राहून गेली होती. कंपनीने सुधारित विवरण दाखल केल्यावर ९,००० त्याच्या खात्यावर दिसू लागले. पॅनमधले एक अक्षर चुकले तरीही असेच होते, फक्त मग कर दुसऱ्याच्याच नावावर जाऊ शकतो. म्हणून भाग अ नंतर आयकराच्या पोर्टलवरचा २६ एएस उघडून तिथली नोंद पाहणे आवश्यक आहे.

येथे स्लिप वाचताना एक गफलत नेहमी होते. दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० अशी कपात दिसते ती राज्याच्या व्यवसाय कराची, वर्षाला २,५०० रुपये. ती आयकरात मिळवून ‘भाग अ मध्ये अडीच हजार कमी आहेत’ अशी तक्रार घेऊन लोक येतात. ती रक्कम तिथे येणारच नाही, आणि नव्या कररचनेत तिची वजावटही मिळत नाही.

मालकाने कर खरोखरच कापून स्वतःकडे ठेवला असेल तर १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम २०५ नुसार तेवढा कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. पण त्यासाठी कपात झाली होती हे तुम्हाला दाखवावे लागते, आणि रिटर्नवर मागणीची नोटीस आली तर उत्तरही तुम्हालाच द्यावे लागते. म्हणून बाराही स्लिपा आणि पगार जमा झाल्याचे बँकेचे उतारे जपून ठेवावेत. नोकरी सोडल्यावर कंपनीचे पोर्टल बंद होते, त्याआधीच ते उतरवून घ्यावेत.

राहिला रिटर्नचा मुद्दा. रिटर्न भरण्याचे बंधन देय करावर ठरत नाही, तर वजावटी आणि रिबेटच्या आधीच्या उत्पन्नावर ठरते. नव्या रचनेत २०२५-२६ साठी ते चार लाखांच्या वर गेले की रिबेटमुळे कर शून्य झाला तरी रिटर्न भरावेच लागते. मुदत चुकली तर एकूण उत्पन्न पाच लाखांपर्यंत असल्यास १,००० आणि त्याहून जास्त असल्यास ५,००० रुपये विलंब शुल्क बसते. महाडच्या त्या इंजिनियरने ८३,४६० आणि व्याज स्वयंनिर्धारण कर म्हणून पोर्टलवरून भरले, त्या चलनाचा बीएसआर कोड, तारीख व क्रमांक रिटर्नमध्ये घातला, दोन्ही कंपन्यांचे पगार स्वतंत्र नोंदवले आणि स्टँडर्ड डिडक्शन एकदाच घेतले.