पंचांसमक्ष लाडिक मजकूर

लग्न जमवताना पत्रिका आणि पगार जुळल्यानंतर, पण साखरपुडा ठरण्याच्या आधी, हल्ली एक मधला टप्पा येतो. त्यात दोन्ही घरांतील वडीलधारी मंडळी मोठ्या उदारपणे "आता तुम्ही दोघे आपापसांत बोला" असे सांगतात आणि दुसऱ्याच दिवसापासून ते दोघे काय बोलले याची चौकशी सुरू करतात. मी सध्या या टप्प्यात आहे. मी ठाण्याची, स्थळ नागपूरचे. त्यामुळे आमचे बोलणे बहुतांशी व्हॉट्सअ‍ॅपवर चालते. या बोलण्यात थोडा खट्याळपणा नसेल, तर मी गृहकर्जाची चौकशी करते आहे असे वाटण्याचा संभव असतो, आणि तो जरा जास्त झाला, तर त्याचा स्क्रीनशॉट कोणाकोणाच्या हातात जाईल हे सांगता येत नाही. म्हणून त्याला पाठवायचे प्रत्येक वाक्य मी तीन वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहिते: पहिला तो स्वतः, दुसरा त्याच्या इंजिनिअरिंगच्या मित्रांचा ग्रुप आणि तिसऱ्या त्याच्या मावशी, ज्यांनी हे स्थळ आणले असून ज्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नसल्यामुळे मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा लागतो.

हा संशयीपणा नव्हे. स्क्रीनशॉट काढले जातात, फिरतात आणि त्यांच्यावर निकाल दिले जातात हे मला पक्के ठाऊक आहे, कारण अशाच एका पंचमंडळाची मी जुनी सभासद आहे. आम्हा मैत्रिणींच्या ग्रुपमध्ये जिचे कुठे जमण्याच्या बेतात असते, ती समोरच्याच्या मेसेजचा स्क्रीनशॉट टाकते आणि खाली फक्त "याचा काय अर्थ घ्यायचा?" असे लिहिते. न्यायालयात असा इलेक्ट्रॉनिक पुरावा मांडायचा झाल्यास भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे सोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. आमच्या मंडळाला असल्या औपचारिकतेची गरज भासत नाही. तेथे पोळ्या लाटता लाटता निकाल लागतो आणि त्यावर अपील नसते.

या पंचगिरीतून मला एक गोष्ट शिकता आली. माणसाला गोत्यात आणतो तो बहुधा असभ्य मजकूर नव्हे. उघड असभ्य लिहिणारा लगेच ब्लॉक होतो, त्याच्यावर चर्चासुद्धा होत नाही. खरे बळी जातात ते सभ्य माणसांचे, आणि ते जातात मोबाइलच्या पडद्याच्या उंचीमुळे. एका स्क्रीनशॉटमध्ये मावतात ती जेमतेम आठ-दहा छोटी वाक्ये, आणि विनोदाचे मूळ बहुतेक वेळा त्यांच्या वर राहून गेलेले असते. एका मैत्रिणीला पाहायला आलेल्या अतिशय मवाळ मुलाचा मेसेज आमच्यापुढे आला होता: "आज रात्री तुला सोडणार नाही." सगळ्या जणी हादरल्या. एकीने तर हेल्पलाइनचा क्रमांकही टाकला. बऱ्याच वेळाने त्याच्या आधीचा भाग आला, तेव्हा कळले की दोघे मोबाइलवर कॅरम खेळत होते आणि ती सलग जिंकत होती. निकाल मागे घेण्यात आला खरा, पण पुढे लग्नाच्या पंगतीत तो जिलेबीचा आग्रह करायला आला, तेव्हाही आम्ही सगळ्या खुर्च्या किंचित मागे सरकवल्या.

त्या बिचाऱ्याने "आज रात्री कॅरममध्ये तुला सोडणार नाही" असे लिहिले असते, तर एका शब्दात त्याची अब्रू वाचली असती. तेव्हापासून माझा नियम असा आहे की थट्टेचे कारण थट्टेच्याच बुडबुड्यात असले पाहिजे. "हो, पण तू आधी", "मग कधी दाखवणार?", "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती" अशी अधांतरी वाक्ये मी पाठवत नाही. त्याने त्याच्या कुंडीतल्या मोगऱ्याला कळ्या आल्याचे सांगितले असेल, तर "मोगरा कधी दाखवणार?" असे कर्मासहित लिहिते. मजा थोडी कमी होते हे मान्य आहे, पण मावशींपुढे वाचले गेले तरी मोगरा मोगराच राहतो.

तंत्रज्ञान आपली पाठराखण करील या भ्रमातही कोणी राहू नये. साध्या चॅटचा स्क्रीनशॉट काढला तर व्हॉट्सअ‍ॅप आपल्याला कळवत नाही. एकदाच पाहण्याची सोय वापरून पाठवलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट रोखला जातो, पण ती सोय लिहिलेल्या मजकुराला नाही, आणि शेजारच्याच्या फोनने पडद्याचा फोटो काढायला तर कोणाची परवानगी लागत नाही. मेसेज 24 तासांत, 7 दिवसांत किंवा 90 दिवसांत आपोआप नाहीसा करता येतो. त्याआधी काढलेला स्क्रीनशॉट मात्र चिरंजीव असतो. दोन दिवसांहून थोडा अधिक काळ सर्वांसाठी मेसेज पुसण्याची मुभा आहे, पण पुसल्यावर तेथे मेसेज पुसल्याची पाटी उरते, आणि ती पाटी पुसलेल्या कोणत्याही वाक्यापेक्षा जास्त चावट दिसते. 2023 पासून 15 मिनिटांच्या आत मेसेज दुरुस्तही करता येतो. त्यावर तो दुरुस्त केल्याची खूण राहते, म्हणजे आधी काय होते याची कल्पना करायला पंच मोकळे. थोडक्यात, वाक्य पाठवण्यापूर्वीच धुऊन, वाळवून, इस्त्री करून घेणे भाग आहे.

आणखी एक बाब लोक विसरतात. त्याने काढलेल्या स्क्रीनशॉटमध्ये माझी वाक्ये डावीकडे पांढऱ्या पट्ट्यांत दिसतात, त्याची उजवीकडे हिरव्या पट्ट्यांत, आणि सर्वांत वर त्याने माझा नंबर ज्या नावाने साठवला असेल ते नाव येते. ते "ठाणे स्थळ 2" असण्याची शक्यता मी मनोमन स्वीकारली आहे. परंतु डावीकडे माझे चार पांढरे पट्टे एकाखाली एक आणि उजवीकडे शुकशुकाट, हे चित्र मात्र मी कधीही होऊ देत नाही. त्या चारांत ज्ञानेश्वरीतल्या ओव्या असल्या, तरी बघणाऱ्याला त्यांत गळेपडूपणाच दिसतो. एक मेसेज जातो. उत्तर येईपर्यंत दुसरा जात नाही. प्रत्येक पट्ट्याच्या कोपऱ्यात वेळही असते, म्हणून रात्री एकच्या सुमारास सुचलेले अत्यंत सात्त्विक वाक्यसुद्धा मी सकाळी आठपर्यंत राखून ठेवते. "सुप्रभात, तुमच्या नागपुरात पाऊस आहे का?" हा प्रश्न रात्री एक वाजता कोणत्याच घरात निष्पाप ठरत नाही.

परवा या सगळ्याची कसोटी लागली. त्याने कळवले की कार्यालयाच्या कामासाठी शनिवारी तो ठाण्यात आहे. एवढेच. भेटायचे का, हे विचारले नाही. बहुधा त्यालाही त्याचे पंच होते. मला आनंद झाला होता, तो दिसायला हवा होता, पण त्याने विचारण्याआधी मी तारीख-वेळ ठरवून टाकली असे कागदोपत्री येऊ द्यायचे नव्हते.

पहिले वाक्य बोटांवर आपोआप आले: "अरे वा, मग राहायला कुठे आहेस?" त्यापुढे डोळा मारणारा चेहरा. पाठवण्याचे बटण दाबण्यापूर्वी मी ते मावशींच्या आवाजात वाचले आणि चेहऱ्यासकट पुसले. प्रश्नात वाईट काहीच नाही, वाईटपणा सगळा त्या डोळ्यात आहे. तो चेहरा काढला, तर उरते ती लॉजच्या नोंदवहीतली विचारणा. दुसरा प्रयत्न: "ठाण्यात येऊन मला न भेटता गेलास तर बघ." प्रेमाने म्हटले, तर हे वाक्य गोड आहे, पण स्क्रीनशॉटला आवाज नसतो, आणि आवाजाविना ती सरळ धमकी होते. मग घाबरून मी दुसऱ्या टोकाला गेले: "आपल्या ठाणे दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा." हे पाहून मावशी प्रसन्न झाल्या असत्या, मात्र त्याने हातात पुष्पगुच्छ धरून फोटोसाठी उभे राहायची तयारी केली असती. येथे "तू" की "तुम्ही" हाही पेच होता. आम्ही नुकतेच अरे-तुरेवर आलो होतो, पण ते फक्त आम्हां दोघांना माहीत होते. घरी मी अजून "ते नागपूरहून येणार आहेत" असेच बोलते.

शेवटी जे गेले ते असे: "शनिवारी ठाण्यात आहेस हे कळल्यापासून मी तलावपाळीच्या फेऱ्या वाढवल्या आहेत. योगायोग घडायला माणसानेही थोडी मदत करावी लागते."

या वाक्यांचे मी जरा कौतुक करणार आहे, कारण दुसरे कोणी करण्याची चिन्हे नाहीत. आधीचा एकही मेसेज न वाचता ती कळतात. गंमत माझ्यावरच आहे, त्याच्या रूपावर किंवा देहावर काही टिपणी नाही, त्यामुळे त्याला आईसमोर लाजण्याचे कारण नाही. त्याला भेटायचे असेल, तर वाट मोकळी आहे. नसेल, तर तो "चालणे प्रकृतीला चांगलेच" असे लिहून सहीसलामत निसटू शकतो, आणि त्यात माझाही पाणउतारा नाही. मित्रांच्या ग्रुपमध्ये कोणी यावर फार तर शिट्टी वाजवील. मावशींपुढे वाचले गेलेच, तर मुलीला चालण्याची सवय आहे एवढी माहिती त्यांच्या पदरी पडेल, आणि स्थळांच्या बाजारात तीही जमेची बाजू आहे.

त्याचे मेसेज मी आमच्या मंडळापुढे ठेवते का, असे कोणी विचारील. ठेवते, पण नाव कापून, आणि फक्त थट्टेचे. त्याच्या वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या रात्री त्याने जे लिहिले ते मी कोणालाही दाखवलेले नाही आणि दाखवणारही नाही. तेथे अर्थ विचारण्यासारखे काही नव्हते. माझ्याही अशाच एखाद्या मेसेजला तो हाच न्याय लावील असे मी धरून चालते, आणि तरीही इस्त्री करणे सोडत नाही.

तलावपाळीच्या मेसेजला बराच वेळ उत्तर आले नाही. "टाइप करत आहे" अशी अक्षरे उमटत होती आणि विझत होती. अखेर जे आले ते स्वल्पविराम आणि पूर्णविराम यांसह शुद्ध होते: "योगायोग सकाळी घडवायचा की संध्याकाळी, तेवढे कळवावे; म्हणजे त्याप्रमाणे रस्ता चुकण्याची व्यवस्था करता येईल."

मी ते ताबडतोब नाव कापून ग्रुपमध्ये टाकले. पाच मिनिटांत मतभेद झाले. एकीच्या मते मुलगा रसिक आहे. दुसरीने अर्धविरामाकडे बोट दाखवून सांगितले की हे एकट्या इंजिनिअरचे काम नाही, किमान चौघांनी बसून लिहिले आहे. तिसरीला त्यात चक्क मावशींचा हात दिसला. वाद रंगात येत असताना मी पुन्हा त्याच्या चॅटवर गेले, "संध्याकाळी सहा, मासुंदा तलाव, बोटिंगच्या बाजूला" असे स्थळकाळासह लिहिले आणि ते आमच्या मंडळाला न दाखवता पाठवून दिले.