पितळ ओलं होत नाही, साहेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

पावसाळ्यात पेटी, म्हणजे हार्मोनियम, कशी जपावी आणि सुरांना कानस डिसेंबरपर्यंत का लावू नये, यावरच्या माझ्या लेखाला ही प्रतिक्रिया आली :

«लेख वाचला. पुस्तकी वाटला. पावसात पितळ ओलं होऊन जड होतं म्हणून सूर उतरतात, हे कुठलाही पेटीवाला सांगेल. जुलैतच कानस मारून सूर वर घ्यावेत, तुम्ही म्हणता तसं डिसेंबरपर्यंत थांबणं म्हणजे चार महिने बेसूर वाजवणं. भात्याच्या चामड्याला खोबरेल तेल लावलं की काही होत नाही. आणि कपाटात बल्ब लावायचा सल्ला धोक्याचा आहे, आग लागेल. लिहिण्याआधी एखाद्या कारागिराला विचारलं असतंत तर बरं झालं असतं.»

शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण तेच लागलंय. माझे वडील तीस वर्षं देवगडजवळच्या आमच्या गावात भजनाला पेटी वाजवायचे. पावसाळ्यात रात्री बारीला निघताना पेटी आधी घोंगडीत, मग प्लॅस्टिकमध्ये आणि मग माझ्या डोक्यावर, असा तिचा प्रवास असे. तेव्हा «विचारलं असतंत तर» हे मला नका सांगू. मतभेद असू देत, पण समोरच्याने पेटी फक्त चित्रात पाहिली असेल असं धरून बोलायची ही कुठली रीत?

असो. बल्बचं तुमचं खरं आहे. मी नुसतंच «कपाटात बल्ब लावा» असं लिहिलं होतं, ते अपुरं होतं. बल्ब तारेचा आणि पंधरा वॅटचा हवा, एलईडीने ऊब येत नाही. तो पेटीपासून हातभर लांब, जाळीच्या आत आणि कापडापासून दूर हवा. उपयोग होतो तो असा : २७ अंशांच्या हवेत ९० टक्के दमटपणा असेल आणि कपाटातली तीच हवा ३२ अंशांवर गेली, तर दमटपणा ६७ टक्क्यांच्या आसपास येतो. पाणी कुठे जात नाही, हवेची ते धरायची ताकद वाढते. ती ओळ दुरुस्त केली आहे, आभार.

आता पितळाचं. पितळ म्हणजे पोहे नव्हेत, पाणी शोषून फुगायला. पेटीतला सूर म्हणजे आवाज देणारा पितळी तुकडा आणि त्यावर थरथरणारी जीभ. दमट हवेने त्या जिभेवर फार तर पातळ ओलावा बसतो. एसीच्या खोलीतून पेटी बाहेर काढल्यावर तो खरंच धरतो, पण थोडा वेळ तशीच ठेवली की सुकतो. आणि पितळच जड होत असतं, तर पेटीतले सगळे सूर थोडेफार सारखेच उतरले असते. मग पेटी स्वतःशी बेसूर कशी झाली असती? तंबोरा जरा खाली लावला की काम भागलं असतं. पावसाळ्यात जे छळतं ते वेगळंच : दोन-चार पट्ट्याच खाली जातात, बाकीच्या जागेवर असतात.

मग त्या चारच का? कारण फुगतं ते लाकूड, आणि तेही रेषेला आडवं जास्त. आमच्या पेटीचीच गोष्ट सांगतो. एका वर्षी मे महिन्यात वडिलांनी तालुक्यातल्या एका कारागिराकडून मधल्या सप्तकाच्या पट्ट्या नव्या बसवून घेतल्या. सुक्या हवेत त्या इतक्या सुबक, एकमेकींना चिकटून बसल्या होत्या की कौतुक वाटावं. जुलैत पांढरी सहा उतरली. ती ४४० हर्ट्झला असते, ती ४३७.५ च्या जवळपास आली, म्हणजे सुमारे दहा सेंट खाली, शेजारच्या दोन सुरांमधल्या अंतराचा दहावा भाग. पेटी कारागिराकडे गेली. त्याने तुम्ही म्हणता तेच केलं : जिभेचं टोक घासून हलकं केलं, सूर वर आला, सगळे खूश.

डिसेंबरात तोच सूर ४४२.५ ला वाजू लागला. त्याच पट्टीखाली खर्जाचा सूर होता, त्याला कुणी हात लावला नव्हता. दोन्ही एकत्र वाजवले की खर्जाच्या सावलीत हा सूर थरथरायचा. मग दुसऱ्यांदा कानस, या वेळी रिव्हेटजवळ, मुळाशी, कारण तिथे घासलं की सूर उतरतो. जीभ टोकालाही पातळ झाली आणि मुळाशीही. दोन वर्षांनी ती मुळाशीच तडकली. तसाच दुसरा सूर शोधून बसवायला किती दिवस लागले ते विचारू नका.

आता सांगा, चूक कशात होती? सुरात काहीच बिघाड नव्हता. पट्टी शेजारणीला घासत होती, त्यामुळे पूर्ण दाबली तरी तिची मागची बाजू नेहमीइतकी उचलली जात नव्हती आणि खालचं भोक अर्धंच उघडत होतं. भोक नीट उघडलं नाही की सुराला हवा पुरेशी मिळत नाही, तो दबका वाजतो आणि खाली उतरतो. कानसेने आपण रोगाला नव्हे, निरोग्याला टाके घातले.

ओळखायचं कसं, तर फार सोपं. वरचं झाकण काढा, भाता सारखा चालू ठेवा, उतरलेली पट्टी दाबा आणि तिची मागची बाजू बोटाने आणखी वर उचला. सूर वर सरकून उजळ झाला तर दोष लाकडात आहे. अजिबात सरकला नाही, तरच सुराकडे पाहायचं. आणि तेव्हाही आधी बारीक ब्रशने जिभेवरची धूळ आणि हिरवा गंज झाडून बघा, कारण टोकाला चिकटलेला मळसुद्धा सूर खाली ओढतो. घासल्याशिवाय गत्यंतर नाही असं झालं, तरच कानस, आणि तीही पेटी सुकल्यावर.

चार महिने बेसूर वाजवा असं मी कुठे म्हटलं? घासणारी पट्टी जुलैत मोकळी करता येते. शेजारणीशी जिथे चमकदार घासलेली खूण दिसते, तिथे बारीक सँडपेपरचे दोन हात मारा, जास्त नकोत, कारण डिसेंबरात तीच जागा फटीसारखी दिसेल. त्याला पंधरा मिनिटं लागतात. डिसेंबर मी सुरांसाठी म्हटलं होतं, पट्ट्यांसाठी नाही. लेख पूर्ण वाचायचा असतो.

तापमानाने सूर हलतात, हे मान्य. पितळ तापलं की जरा मऊ पडतं, पण दहा अंशांच्या फरकाने तीन-चार सेंट, आणि तेही साऱ्या पेटीत सारखेच. त्याचा पांढऱ्या सहाशी संबंध नाही.

खोबरेल तेलाबद्दल : लावा. तुमची पेटी, तुमचा भाता. पुढच्या पावसाळ्यात सरसाचे जोड सुटले, चामड्यावर धूळ चिकटली आणि झुरळं पाहुणी आली की मला सांगू नका.

कारागिराला विचारल्याचं मी वर लिहिलंच आहे. विचारलं होतं, म्हणून तर सूर तडकला.