विकलं नाही, विकावं लागलं

अमेरिकेच्या शेअर बाजारावरच्या एका लेखात वाचलं, "1929 मध्ये लोक घाबरले आणि बाजार कोसळला."

घाबरले होतेच, पण अनेकांना विकायचं की नाही हे ठरवायची संधीच मिळाली नाही. समजा, 100 डॉलरचा शेअर स्वतःचे 25 आणि दलालाकडून उसने 75 घालून घेतला. भाव 80 वर आला तरी कर्ज तेवढंच, स्वतःचे उरले फक्त 5. मग दलालाची तार येते, आणखी पैसे भरा. नाही भरले की तो शेअर मिळेल त्या भावाला विकतो, त्याने भाव आणखी पडतो आणि पुढच्याला तार जाते. 28-29 ऑक्टोबरला तिथल्या बड्या कंपन्यांच्या शेअर भावांचा डाऊ निर्देशांक दोन दिवसांत सुमारे 23 टक्के घसरला, त्यात या साखळीचा मोठा हात होता. त्या लेखात उसन्या पैशाचा उल्लेखच नाही, हे फार खटकलं.