सावत्र मुलाला वाढदिवसाचं काय लिहावं: पाच-सहा ओळींचा विचार

वाढदिवसाच्या आदल्या रात्री फोन हातात घेऊन बसलेल्या सावत्र आईबापांसाठी हे लिहितो आहे. जोडीदाराच्या मुलाला शुभेच्छा लिहायच्या आहेत, मनात माया आहे, पण पहिल्याच शब्दाला बोट अडतं. ‘लेकरा’ म्हणावं का? खाली काय सही करावी? मग इंटरनेटवरचा फुलांचा फोटो पुढे ढकलला जातो, नाहीतर भावनेच्या भरात इतकं लिहिलं जातं की वाचताना मूल अवघडतं.

हे नेमकं कुठे बिघडतं ते एका मजकुरावरून बघू. समजा मुलीचं नाव सई, वय चौदा. आईचं दुसरं लग्न होऊन दोन वर्षं झाली. घर जुळे सोलापुरात. वडील पुण्यात असतात, दर रविवारी फोन करतात, महिन्यातून एकदा सई त्यांच्याकडे जाते. आईच्या नवऱ्याला ती ‘काका’ म्हणते. या काकांच्या जागी बसलेला माणूस सहसा असं लिहितो:

‘माझ्या लाडक्या लेकीला वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा! तू मला सख्ख्या मुलीपेक्षा कमी नाहीस. तुला कशाचीच उणीव भासू देणार नाही. आता काका नको, पप्पा म्हणत जा. काहीही असलं तरी माझ्याजवळ मन मोकळं करत जा. तुझे पप्पा.’

यातलं एकही वाक्य वाईट हेतूनं लिहिलेलं नाही. तरी जवळजवळ प्रत्येक वाक्य सईकडे काहीतरी मागतं. ‘सख्ख्या मुलीपेक्षा कमी नाहीस’ म्हणताना तुलना आली, आणि तुलना आली की सावत्रपणाची आठवण आपणच करून दिली. ‘उणीव’ म्हटलं की पुण्यातल्या वडिलांकडे बोट गेलं. सईच्या लेखी तिथे उणीव नाही, तिथे तिचे बाबा आहेत. ‘मन मोकळं कर’ हे चौदा वर्षांच्या मुलीला काम दिल्यासारखं आहे. ते तिला आज जमलं नाही तर तीच कमी पडल्यासारखं होतं. आणि ‘पप्पा म्हणत जा’ ही तर सरळ परीक्षाच. म्हणावं तर बाबांशी बेइमानी, न म्हणावं तर समोरच्याचा अपमान.

या कात्रीबद्दल पॅट्रिशिया पेपरनो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बरंच लिहिलं आहे. मुलाला असं वाटत राहतं की नव्या माणसावर जीव लावला तर आपल्या आईला किंवा बाबांना दगा दिला. मोठ्यांनी मुद्दाम काही केलेलं नसलं तरी हे होतं. त्यामुळे जो मजकूर जास्त जवळ ओढतो, त्यानं मूल बऱ्याचदा जास्त मागे सरतं. आपण समजतो की ते कृतघ्न आहे. ते आपल्या बाबांची जागा राखत असतं.

आता तोच संदेश दुसऱ्या पद्धतीनं:

‘सई, चौदाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. विज्ञान प्रदर्शनाच्या मॉडेलमधली टाकी तू तीनदा उलगडून परत जोडलीस आणि गळती कुठून होते ते शोधूनच उठलीस. ते बघायला मला फार आवडलं. रविवारी मामासोबत पुण्याला बाबांकडे जाताना हुतात्मा एक्सप्रेससाठी स्टेशनवर मी सोडतो, पावणेसहाला घरातून निघू. मंगळवारी आणि शुक्रवारी क्लासला न्यायला नेहमीसारखा मी आहे. केक कुठला हवा ते आईला सांगून ठेव. काका.’

पन्नास-पंचावन्न शब्द, इतकं पुरे. यातलं कुठलं वाक्य काय काम करतं ते बघा. नावानं सुरुवात आहे, कारण नाव तिचं स्वतःचं आहे. ‘लेक’ हा शब्द नात्याचा दावा करतो आणि तो दावा तिनं अजून मान्य केलेला नाही. मग एकच निरीक्षण, आणि तेही असं की जे घरात राहणाऱ्यालाच दिसेल. ‘तू खूप हुशार आहेस’ हे कुणीही लिहितं. टाकी तीनदा उलगडली हे ज्यानं पाहिलं तोच लिहितो. माया दाखवायची तर ती इथे दाखवावी, विशेषणांत नको. कौतुकही गुणांचं किंवा दिसण्याचं न करता तिनं केलेल्या एका कृतीचं करावं; ते तिला खोडता येत नाही आणि त्याचं ओझंही होत नाही.

पुढचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यात बाबांचं नाव सहज येतं, पुण्याचा बेत येतो, आणि काका स्वतः तिला त्या गाडीपर्यंत पोचवणार असतात. ‘बाबांवर प्रेम करायला माझी हरकत नाही’ असं लिहिलं असतं तर ती परवानगी देण्यासारखं झालं असतं, आणि ती देणारे आपण कोण? पावणेसहाला निघू म्हटलं की सगळं सांगून होतं. मात्र हा बेत आधी तिच्या आईशी आणि आईमार्फत बाबांशी पक्का केलेला असावा. वाढदिवसाच्या संदेशात नवा बेत जाहीर करून नंतर तो मोडला, तर तो मोडणारा माणूस म्हणून आपण लक्षात राहतो.

मंगळवार-शुक्रवारचं वाक्यही मुद्दाम आहे. ‘मी कायम तुझ्या पाठीशी आहे’ या वाक्यातलं ‘कायम’ ऐकून ही मुलं सावध होतात, कारण ‘कायम’ असलेली एक गोष्ट त्यांनी मोडताना पाहिली आहे. आठवड्यातले दोन दिवस ठरलेले असले की त्यांना ते मोजता येतं. जे आधीपासून चालू आहे तेच लिहावं.

संदेशात प्रश्न ठेवू नका. ‘गिफ्ट आवडलं ना?’, ‘मी कसा वाटतो?’ यांना उत्तर द्यावंच लागतं. केकचं वाक्य बघा, त्याचं उत्तरही आईकडे जातं.

सहीत तोच शब्द असावा ज्यानं मूल तुम्हाला हाक मारतं. काका, मावशी, काकू, नुसतं नाव, जे असेल ते. सोलापुरात हा मुद्दा जरा जास्तच नाजूक आहे, कारण कितीतरी घरांत मराठी, कन्नड आणि तेलुगू एकत्र नांदतात. मग सुचतं की ‘आई’ हा शब्द तिच्या आईचा, म्हणून मला ‘अव्वा’ किंवा ‘अम्मा’ म्हणू दे. मोठ्यांना ही चांगली तडजोड वाटते. मुलाला मात्र दोन्ही शब्दांचा अर्थ माहीत असतो. भाषा बदलली तरी जागा तीच, हे त्याला लगेच कळतं. शब्द त्याला सापडू द्या. कधीकधी तो दोन-तीन वर्षांनी सापडतो, कधी काकाच राहतात आणि काकांशीच घट्ट नातं होतं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडचीच. आपल्या नावात मधलं नाव वडिलांचं असतं. केकवर, फ्लेक्सवर, व्हॉट्सअॅप स्टेटसवर पूर्ण नाव लिहायची हौस आली की प्रश्न उभा राहतो. वडिलांचं नाव गाळून स्वतःचं टाकणं किंवा नवं आडनाव लावणं, हे प्रेमानं केलं तरी मुलाच्या ओळखीतून एक माणूस पुसल्यासारखं दिसतं, आणि तेही चारचौघांत. केकवर नुसतं ‘सई’ लिहा. कायदाही इथे स्पष्ट आहे. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक सांगताना खाली स्पष्टीकरण दिलं आहे की ‘पिता’ आणि ‘माता’ या शब्दांत सावत्र पिता आणि सावत्र माता येत नाहीत. लग्न झालं म्हणून पालकत्व आपोआप येत नाही. दत्तकाचा मार्ग वेगळा, आणि तो संमतीनं आणि रीतसर प्रक्रियेनंच जातो. ‘आता तू माझ्या नावाची’ अशी वाक्यं म्हणूनच शुभेच्छांत शोभत नाहीत.

स्टेटसचंच निघालं म्हणून सांगतो. संदेश आधी तिला एकटीला पाठवा. जाहीर फोटो टाकायचा असेल तर तिला विचारून, आणि तिच्या वर्गातल्या मुली तो बघणार आहेत हे लक्षात ठेवून. वेळेचंही तसंच. रात्री बाराचा फोन बऱ्याच घरांत बाबांचा किंवा मैत्रिणींचा असतो. तिथे पहिलं येण्याची धडपड करू नये. सकाळी साडेसात-आठला, शाळेची गडबड व्हायच्या आत आलेला संदेश व्यवस्थित वाचला जातो.

आता वेगळी स्थिती. आई वारलेली आहे आणि घरात आता वडिलांची दुसरी बायको आहे. इथे बाबांसारखा रविवारचा फोन नसतो. भिंतीवर हार घातलेला फोटो असतो, आणि वाढदिवसाच्या दिवशी तो फोटो सगळ्यांना जास्त जाणवतो. अशा वेळी दोन चुका होतात. एक म्हणजे आईचा उल्लेखच टाळणं. मुलाला वाटतं, या घरात तिचं नाव काढायचं नाही. दुसरी म्हणजे तिच्या वतीनं बोलणं: ‘आई वरून बघत असेल, तिला अभिमान वाटत असेल.’ आपण तिला ओळखत नव्हतो, तेव्हा ते वाक्य मुलाच्या आजीनं म्हणावं, मामांनी म्हणावं. आपल्या वाट्याला साधं वाक्य येतं: ‘संध्याकाळी आजी औक्षण करतील. त्याआधी आईच्या फोटोपाशी हवा तितका वेळ बस, जेवायला आम्ही थांबतो.’ औक्षणाचं ताट तयार करणं, निरांजनाची वात लावून देणं हे नवी आई जरूर करू शकते. ओवाळायला पहिलं कोणी यायचं ते आजीला किंवा आत्याला विचारावं. आणि शेंगापोळी केली असेल तर ‘आजींना विचारून शेंगापोळी केली आहे’ इतकंच लिहावं. ‘आईच्या हातची आठवेल’ असं लिहिलं की पहिल्या घासाला तुलना होणार, आणि ती तुलना आपण जिंकू नये अशीच त्या मुलाची इच्छा असणार.

लग्न नुकतंच झालं असेल, सहा महिने वगैरे, तर यातलं निम्मंच लिहा. नाव, शुभेच्छा, एक निरीक्षण, सही. सईच्या काकांचा मजकूर दोन वर्षांच्या ओळखीवर उभा आहे. तो पहिल्याच वर्षी लिहिला तर उसना वाटेल.

संदेश गेला की निळ्या टिका बघत बसू नका. उत्तर ‘थँक्स काका’ एवढंच येईल, कधी नुसता अंगठा येईल, कधी काहीच नाही. तिच्या आईला ‘ती काही बोलली का?’ असं विचारू नका, कारण ते फिरून तिच्यापर्यंत पोचतं. येत्या मंगळवारी क्लासच्या वेळेला गाडी काढा. शुक्रवारी काही अडचण आली तर गुरुवारीच तिला सांगा, आणि न्यायला कोण येणार तेही सांगा.